पाच वर्षांचा कॉम्प्रेसर की आठ वर्षांचा: एमआयआरआर आणि ईएसी वेगळं का सांगतात

प्रश्न: आमचं भोसरीत जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. जुना कॉम्प्रेसर बदलायचाय, त्याला वीज-देखभाल मिळून वर्षाला १२ लाख लागतात. पहिलं कोटेशन फिक्स्ड स्पीड स्क्रूचं: ६ लाख, ५ वर्षं चालेल, वर्षाचा खर्च ९.६ लाख. दुसरं व्हीएफडीवालं, म्हणजे हवेच्या मागणीप्रमाणे मोटरचा वेग बदलणारं: १० लाख, ८ वर्षं, वर्षाचा खर्च ९ लाख. १२ टक्के दर धरून एक्सेलमध्ये एमआयआरआर काढला तर पहिल्याचा २०.५ आणि दुसऱ्याचा १७.७ येतो. सीए म्हणतात ईएसी काढा, आणि त्यात दुसरा स्वस्त पडतो. दोन्ही हिशेब बरोबर असतील तर कोणत्या आकड्यावर जायचं?

उत्तर:

आकडेमोड दोन्हीकडे बरोबर आहे. पण तुमचे दोन एमआयआरआर, म्हणजे सुधारित अंतर्गत परताव्याचे दर, एकमेकांशेजारी ठेवण्यासारखे नाहीत. एक पाच वर्षांचा आहे आणि दुसरा आठ वर्षांचा. वर्कशॉप आठ वर्षांनंतरही चालणार असेल आणि हवा लागतच राहणार असेल, तर ईएसीवर जा, म्हणजे व्हीएफडीवाला घ्या. ही अट मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण ती मोडली की उत्तर उलटू शकतं. त्याकडे खाली येतो.

आधी ईएसी, म्हणजे समतुल्य वार्षिक खर्च. यंत्राची किंमत एकदम न मोजता त्याच्या आयुष्यभर सारख्या वार्षिक हप्त्यांत पसरवायची, १२ टक्के व्याजासकट. मग त्यात वर्षाचा चालवण्याचा खर्च मिळवायचा. एक्सेलमध्ये हप्ता असा निघतो:

```
=-PMT(12%,5,600000)
=-PMT(12%,8,1000000)
```

पहिल्याचा हप्ता १,६६,४४६ रुपये आणि दुसऱ्याचा २,०१,३०३. चालवण्याचा खर्च मिळवला की पहिला वर्षाला ११,२६,४४६ ला पडतो आणि दुसरा ११,०१,३०३ ला. म्हणजे व्हीएफडीवाला दरवर्षी सुमारे २५ हजारांनी स्वस्त. यात आयुष्य कमी-जास्त असल्याचा प्रश्न उरत नाही, कारण दोन्ही आकडे 'एका वर्षाची हवा केवढ्याला' या एकाच मापात आहेत. भाड्याच्या दोन घरांची तुलना आपण महिन्याच्या भाड्यावरून करतो, एकाचा करार ११ महिन्यांचा आणि दुसऱ्याचा ३३ महिन्यांचा असला तरी. इथेही तेच.

आता एमआयआरआरमध्ये काय झालं ते उघडून पाहू. तुम्ही जुन्या कॉम्प्रेसरच्या तुलनेत होणारी बचत ही आवक धरली आहे: पहिल्यात वर्षाला २.४ लाख, दुसऱ्यात ३ लाख. ते योग्यच आहे. एमआयआरआर ही बचत दरवर्षी १२ टक्क्यांनी गुंतवत जातो, यंत्राच्या शेवटच्या वर्षाअखेर किती रक्कम झाली ते पाहतो आणि मूळ गुंतवणूक त्या रकमेपर्यंत कोणत्या दराने वाढली असती ते सांगतो. पहिल्यात ६ लाखांचे पाच वर्षांत १५.२५ लाख होतात, म्हणजे २.५४ पट, त्याचं पाचवं मूळ घेतलं की २०.५ टक्के. दुसऱ्यात १० लाखांचे आठ वर्षांत ३६.९ लाख होतात, म्हणजे ३.६९ पट, त्याचं आठवं मूळ घेतलं की १७.७ टक्के.

घोळ त्या पाचव्या आणि आठव्या मुळात आहे. गुंतवणुकीवर मिळणारा १२ टक्क्यांवरचा फायदा म्हणजे साय समजा आणि त्याखालचे १२ टक्के म्हणजे दूध. जितकी जास्त वर्षं तुम्ही हिशेबात धराल तितकी साय जास्त दुधावर पसरते आणि सरासरी दर १२ कडे घसरतो. पहिल्याची साय पाचच वर्षांवर पसरली, दुसऱ्याची आठ वर्षांवर. २०.५ मोठा दिसतो तो यंत्र जास्त चांगलं आहे म्हणून नव्हे, हिशेब लवकर थांबवला म्हणून.

पटत नसेल तर पहिलाच कॉम्प्रेसर पाच वर्षांनी पुन्हा तसाच घेतला असं धरून दहा वर्षांचा एमआयआरआर काढून पहा. यंत्र तेच, किंमत तीच, बचतही तीच. तरी दर २०.५ वरून १६.२ वर येतो. ज्या मापात तीच वस्तू दोनदा घेतली की तिची गुणवत्ता चार टक्क्यांनी घटते, त्या मापाने पाच वर्षं आणि आठ वर्षं यांची तुलना करता येत नाही.

हा प्रयोग एक्सेलमध्ये करताना एक गोष्ट सांभाळा. पाचव्या वर्षाच्या खान्यात तुम्ही ६ लाखांची खरेदी आणि २.४ लाखांची बचत एकत्र करून -३.६ लाख लिहाल, आणि उत्तर १६.२ ऐवजी १६.८ येईल. `MIRR` प्रत्येक खान्याचं फक्त चिन्ह पाहतं: वजा असेल तर जावक, अधिक असेल तर आवक. एकाच खान्यात वजावट केली की त्या वर्षाची बचत आवकेतून गायब होते आणि गुंतवणूकही तेवढीच लहान दिसते. १६.२ हवं असेल तर आवक आणि जावक दोन वेगळ्या रांगांत ठेवा, जावकेचं आजचं मूल्य आणि आवकेचं दहाव्या वर्षाचं मूल्य वेगवेगळं काढा आणि भागाकाराचं दहावं मूळ घ्या. मांडणी बदलली की एमआयआरआर बदलतो, हे कित्येक तयार शीट वापरणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. ईएसीला किंवा निव्वळ वर्तमान मूल्याला हा त्रास नाही. तिथे वजावट आधी करा की नंतर, उत्तर तेच.

तुमच्या तुलनेत एमआयआरआर वापरायचाच असेल तर दोन्ही एकाच वर्षाला नेऊन थांबवा. पहिल्याचे पाचव्या वर्षाअखेर जमलेले १५.२५ लाख पुढची तीन वर्षं त्याच १२ टक्क्यांनी वाढू द्या. ते २१.४२ लाख होतात, मूळ ६ लाखांच्या ३.५७ पट. त्याचं आठवं मूळ घेतलं की १७.२ टक्के. दुसऱ्याचे १७.७ होतेच. काल तीन टक्क्यांनी पुढे असलेला पहिला कॉम्प्रेसर आज अर्ध्या टक्क्याने मागे गेला, आणि आपण फक्त शेवटचं वर्ष सारखं केलं. तुमच्या दोन उत्तरांमधला सगळा विरोध एवढ्यातच संपतो.

यात पुनर्गुंतवणुकीच्या दराचा हातही ओळखून ठेवा. `MIRR` मधला तिसरा आकडा म्हणजे सुटलेला पैसा तुम्ही कुठे लावणार त्याचा दर. वर्कशॉपमध्ये बहुतेक वेळा तो कॅश क्रेडिट खात्यात जमा होतो आणि तेवढं व्याज वाचतं, म्हणून बँक तुम्हाला लावते तोच दर तिथे शोभतो. पैसा चालू खात्यात पडून राहत असेल किंवा ठेवीत जात असेल तर १२ लिहू नका. मात्र जो दर लिहाल तोच पहिल्याच्या उरलेल्या तीन वर्षांनाही लावा.

शेवटचं वर्ष सारखं केल्यावरही टक्के एक गोष्ट सांगत नाहीत: ते ६ लाखांवरचे की १० लाखांवरचे. ६ लाखांवर मोठा दर मिळूनही हातात कमी रुपये पडू शकतात. त्यामुळे दोन पर्यायांचे दर शेजारी ठेवण्यापेक्षा फरकाचा दर काढावा, आणि प्रश्न असा विचारावा: व्हीएफडीसाठी जे ४ लाख जास्त घालायचे, ते स्वतः किती कमावतात?

फरकाची रांग आठ वर्षांची करू. आज ४ लाख जास्त जातात. दरवर्षी ६० हजार जास्त वाचतात. पाचव्या वर्षाअखेर पहिला कॉम्प्रेसर पुन्हा घ्यावा लागला असता, ते ६ लाख वाचले, म्हणून त्या खान्यात ६,६०,०००. आठव्या वर्षाअखेर मात्र पहिल्या पर्यायात तीन वर्षं वापरलेला दुसरा कॉम्प्रेसर अजून दोन वर्षं चालेल अशा स्थितीत असतो. व्हीएफडीवाला तेव्हा संपलेला असतो. त्या उरलेल्या दोन वर्षांचं मोल व्हीएफडीच्या बाजूने वजा करायलाच हवं. वर्षाला १,६६,४४६ प्रमाणे दोन हप्त्यांचं तेव्हाचं मूल्य सुमारे २,८१,३०० होतं. त्या वर्षाची ६० हजारांची बचत धरून खान्यात -२,२१,३००.

```
A1: -400000
A2 ते A5: 60000
A6: 660000
A7, A8: 60000
A9: -221300

=MIRR(A1:A9,12%,12%)
=A1+NPV(12%,A2:A9)
```

एमआयआरआर १५.२ टक्के येतो. तो १२ च्या वर आहे, म्हणजे जास्तीचे ४ लाख घालण्यासारखे आहेत. दुसऱ्या ओळीत आजच्या रुपयांत सुमारे १ लाख २५ हजार येतात. ईएसीतला वर्षाचा २५ हजारांचा फरक आठ वर्षांसाठी आजच्या मूल्यात आणला तरी हाच आकडा मिळतो. दोन्ही वाटांनी एकाच जागी पोहोचलो की मांडणीत चूक नाही याची खात्री होते, म्हणून ही पडताळणी दरवेळी करा. बहुतेक शीटमध्ये चूक सापडते ती शेवटच्या खान्यात: उरलेल्या दोन वर्षांचं मोल वजा करायचं विसरलेलं असतं, आणि महागडा पर्याय आहे त्यापेक्षा भलताच आकर्षक दिसतो.

आता सुरुवातीची अट. ईएसी गृहीत धरतं की यंत्र संपलं की तसंच यंत्र, त्याच किमतीला, पुन्हा घेतलं जाईल आणि गरज चालू राहील. तुमच्या गाळ्याचा करार पाच वर्षांत संपणार असेल, किंवा ज्या कामाला हवा लागते तेच काम एका ऑर्डरवर उभं असेल, तर आठ वर्षांत पसरवलेल्या हप्त्याला काही अर्थ नाही. शेवटचे तीन हप्ते भरायला वर्कशॉपच नसेल. तेव्हा दोन्ही पर्याय पाच वर्षांवर थांबवा आणि व्हीएफडी तेव्हा कितीला विकला जाईल ते धरा. पहिला कॉम्प्रेसर तोवर भंगार झाला आणि त्याचं काहीच आलं नाही असं मानलं, तर व्हीएफडीला पाचव्या वर्षाअखेर किमान ३ लाख २४ हजार यायला हवेत. तेवढे येतील असं वाटत नसेल तर पहिला घ्या. वापरलेले कॉम्प्रेसर घेणाऱ्या एक-दोन व्यापाऱ्यांना पाच वर्षं जुन्या, त्याच क्षमतेच्या मशीनचा भाव विचारून ठेवा, एवढं एक फोनवर कळतं.

तुमच्या सगळ्या आकड्यांत मला सर्वात कच्चा वाटतो तो ५ आणि ८ हा आयुष्याचा आकडा. हे आकडे विक्रेत्याकडून आले असतील तर ते किती तासांच्या वापरावर दिले ते विचारा. एका पाळीत, वर्षाला ३०० दिवस, मशीन २,४०० तास चालतं. तीन पाळ्यांत ७,२००. एकच मशीन एका वर्कशॉपमध्ये आठ वर्षं टिकेल आणि शेजारच्यात तीनच. दोन्ही कोटेशनचं आयुष्य आधी तासांत घ्या आणि तुमच्या पाळ्यांच्या वर्षाच्या तासांनी भागून वर्षं काढा. शिवाय स्क्रू कॉम्प्रेसर एके दिवशी बंद पडून संपत नाही. एअरएंडची, म्हणजे हवा दाबणाऱ्या स्क्रूच्या भागाची, दुरुस्ती करून तो पुढे ओढता येतो. पहिल्याची पाच वर्षं ही 'दुरुस्ती न करता' आणि दुसऱ्याची आठ वर्षं ही 'मध्ये एकदा दुरुस्ती करून' अशी असतील, तर तुलना मुळातच वाकडी आहे. दुसऱ्यातल्या दुरुस्तीचा खर्च त्या त्या वर्षात घाला, नाहीतर पहिल्यालाही दुरुस्ती करून वाढलेलं आयुष्य द्या.

आयुष्य चुकलं तर निर्णय किती हलतो हेही पहा. व्हीएफडी ७ वर्षं टिकला तर हप्ता २,१९,११८ होतो आणि तो अजूनही वर्षाला सात हजारांनी पुढे राहतो. ६ वर्षंच टिकला तर हप्ता २,४३,२२६ आणि पहिला जिंकतो. उंबरठा साधारण ६ वर्षं ८ महिन्यांवर आहे. त्यामुळे 'आठ वर्षं नक्की टिकेल का' हा वाद घालू नका, 'सात वर्षं टिकेल का' एवढंच विक्रेत्याकडून वॉरंटी आणि सेवा कराराच्या भाषेत काढून घ्या.

महागाईचा मुद्दा उलट बाजूने मदत करतो. वरच्या हिशेबात पाच वर्षांनीही कॉम्प्रेसर ६ लाखांनाच मिळेल असं मानलं आहे, पण १२ टक्के हा बँकेचा दर महागाईसकटचा आहे. एकीकडे महागाई धरली, दुसरीकडे सोडली, असं झालं. त्यामुळे लवकर बदलाव्या लागणाऱ्या यंत्राची पुढची खरेदी कमी किमतीत धरली जाते आणि ते उगाच स्वस्त दिसतं. यंत्राचे आणि विजेचे भाव वर्षाला ५ टक्क्यांनी चढतील असं धरलं तर दर १.१२ भागिले १.०५, म्हणजे ६.६७ टक्के लावा आणि सगळे आकडे आजच्या भावात ठेवा. मग पहिल्याचा हप्ता १,४५,००० च्या आसपास येतो, दुसऱ्याचा १,६५,३००, आणि व्हीएफडीची आघाडी २५ हजारांवरून जवळजवळ ४० हजारांवर जाते. दर कमी की दीर्घायुषी यंत्राचं पारडं जड, हे एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

जीएसटीचं क्रेडिट घेत असाल तर दोन्ही किमती जीएसटी वगळून धरा. आयकर हिशेबात आणायचा असेल तर सगळं आणा: वाचलेल्या खर्चावरचा कर, घसाऱ्यामुळे वाचणारा कर आणि करोत्तर दर. नुसता घसारा जोडून १२ टक्के तसाच ठेवला तर अर्धवट उत्तर मिळेल. तुमचे सीए हे दहा मिनिटांत करून देतील.

राहिला ६० हजारांचा फरक, ज्यावर हे सगळं उभं आहे. व्हीएफडीची बचत होते ती हवेची मागणी वर-खाली होत असेल तेव्हा. फिक्स्ड स्पीड मशीन हवा लागत नसतानाही मोटर फिरवत ठेवतं आणि अनलोड असताना पूर्ण भाराच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्सा वीज खातं. तुमची लाइन दिवसभर एकसारखी भरलेली असेल तर व्हीएफडी जवळजवळ काहीच वाचवत नाही, उलट ड्राइव्हमध्ये थोडी वीज जाते. दोन हप्त्यांमधला फरक ३४,८५७ रुपये आहे. व्हीएफडीने पहिल्यापेक्षा वर्षाला निदान तेवढे वाचवायलाच हवेत. युनिटला ९ रुपये धरले तर ३,८७३ युनिट होतात, म्हणजे कामाच्या दिवसाला १३ युनिट. जुन्या कॉम्प्रेसरच्या पॅनलवर एकूण चाललेले तास आणि लोडवर चाललेले तास वेगवेगळे दिसत असतील तर सोमवारी सकाळी आणि शनिवारी संध्याकाळी दोन्ही टिपून घ्या. पॅनलवर दिसत नसतील तर आठवडाभर त्या फीडरला वेगळा मीटर लावा. ते आकडे दोन्ही विक्रेत्यांना द्या आणि वर्षाचा वीजखर्च त्यावरून नव्याने मागा. दिवसाला १३ युनिटांपेक्षा जास्त फरक लेखी मिळाला तर १० लाखांची ऑर्डर द्यायला हरकत नाही.